रिव्ह्यूमधला टोमणा आणि त्यात बुडालेला दोष

हिंजवडीतल्या आमच्या टीममध्ये दोन सिनियर इतरांच्या कोडच्या रिव्ह्यूमध्ये "हा काय कचरा आहे", "एकदा चालवून तरी पाहिलं होतं का" असं लिहितात. सगळे हसतात, पण टीममधल्या नव्या मुलीने त्यांच्याकडे रिव्ह्यू पाठवणंच बंद केलं आहे. अशा शब्दांची यादी करून त्यांवर बंदी घालावी का? की त्याने रिव्ह्यू उगाच मवाळ होतील?

यादी करू नका. तुम्ही दिलेल्या दोन वाक्यांपैकी पहिल्यात निदान एक शब्द यादीत टाकता येईल असा आहे. दुसऱ्यात तसा एकही नाही, आणि तरीही अधिक लागणारे वाक्य दुसरेच आहे. "कचरा" हा शेरा कोडवर आहे. "चालवून तरी पाहिलं होतं का" या प्रश्नात समोरची व्यक्ती कामचुकार आहे असे गृहीत धरलेले आहे. पुण्यात राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. अपमान करण्यासाठी अपशब्दाची गरज नसते, हे इथल्या वाड्यांच्या दारांवरच्या पाट्यांनी फार पूर्वीच सिद्ध केलेले आहे. "आपण टेस्ट लिहिण्यास विसरला असाल, हरकत नाही", "ही पद्धत नवीनच दिसते, आम्हालाही शिकवावी" अशी वाक्ये मी रिव्ह्यूमध्ये वाचलेली आहेत, आणि कोणत्याही यादीने ती पकडली नसती. बंदी आल्यावर हुशार माणूस बोलायचे थांबत नाही, तो "तू" सोडून "आपण" वर जातो, आणि मग तक्रार करणाऱ्याकडे दाखवायला पुरावाही उरत नाही.

हा अनुभव आपल्यापुरता नाही. लिनक्स कर्नलचा जनक लिनस टॉरवल्ड्स हा मेलिंग लिस्टवरच्या शिवराळ उत्तरांसाठी अनेक वर्षे प्रसिद्ध होता. सप्टेंबर २०१८ मध्ये ४.१९ आवृत्तीच्या एका चाचणी-टप्प्याची घोषणा करणाऱ्या पत्रातच त्याने आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली आणि काही काळ रजा घेतली. त्या आवृत्तीचे उरलेले काम ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी पूर्ण केले. त्याच पत्रात, अपशब्द असलेला ईमेल बाहेरच जाणार नाही असा फिल्टर लावता येईल, असाही एक विचार त्याने मांडला होता. मात्र इतरांच्या भावना आपल्याला समजत नाहीत आणि त्यासाठी मदत घ्यावी लागेल, ही कबुली त्या पत्राचा खरा गाभा होती. फिल्टर हा त्यातला सोपा भाग होता. त्याच वर्षाच्या अखेरीस एका डेव्हलपरने कर्नलच्या सोर्समधल्या जुन्या कॉमेंट्समधला एक इंग्रजी अपशब्द काढून त्याजागी "मिठी" या अर्थाचा शब्द घालणारे बदल पाठवले. परिणाम असा झाला की एका हार्डवेअर कंपनीने प्रोग्रामिंग इंटरफेसला मिठी मारल्याची वाक्ये तयार झाली आणि लोक मूळ कॉमेंटपेक्षा त्यांनाच अधिक हसले. शब्द बदलले तरी त्या कॉमेंटमधला राग जसाच्या तसा राहिला होता, आणि कर्नल समुदायाची आचारसंहिता मुळात माणसांच्या आपसातल्या वागण्यासाठी आहे, जुन्या कॉमेंट्स धुऊन काढण्यासाठी नाही, याची आठवण चर्चेत करून द्यावी लागली.

मग काय पाहायचे? माझ्या मते रिव्ह्यूमधल्या प्रत्येक शेऱ्याला एकच प्रश्न विचारावा: कोणता इनपुट दिला असता काय बिघडते, किंवा उद्या हा कोड बदलताना कोणाला कुठे अडचण येईल, हे या वाक्यातून कळते का? टोमण्याचा मोठा तोटा असा की त्यातून ते कळत नाही, आणि न कळताही सर्वांना वाटते की सांगून झाले. भावना दुखावतात हे खरेच आहे. पण तुमच्या सिनियर मंडळींना तो मुद्दा पटणार नाही, "आम्हीही असेच शिकलो" असे उत्तर येईल. टोमण्यामुळे दोष सुटून जातो, हा मुद्दा मात्र त्यांना टाळता येणार नाही, म्हणून त्याचे एक उदाहरण पूर्ण सांगतो.

बाणेरमधल्या एका लहान प्रॉडक्ट कंपनीत घाऊक व्यापाऱ्यांच्या उधारीचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर होते. एका ज्युनियरने ग्राहकाकडून येणे असलेली एकूण रक्कम काढणारे फंक्शन लिहिले. ते साधारण असे होते:

```python
def pending_amount(invoices):
    total = 0
    for inv in invoices:
        try:
            total += float(inv["amount"]) - float(inv["paid"])
        except:
            pass
    return total
```

सिनियरने त्यावर लिहिले, "`except: pass`? म्हणजे बाकीचं देवावर सोडलंय वाटतं!" खाली हसणारे चेहरे जमा झाले. वाक्य खरोखर चांगले होते, आणि सिनियरची शंकाही अगदी बरोबर होती: हे फंक्शन कोणतीही चूक गिळून टाकते. पण वाक्यात ती शंका उतरली नव्हती. ज्युनियरने शेरा वाचला, त्याच ओळीवर `flake8` या लिंटरचीही `E722` ही तक्रार होती, आणि ती तक्रार म्हणते एवढेच की नुसते `except` वापरू नका. त्याने दोन्हींचा एकच अर्थ लावला आणि `except:` च्या जागी `except Exception:` केले. लिंटर गप्प झाला. शेऱ्याखाली "झाले" असे लिहून त्याने चर्चा बंद केली. मंजुरी देणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीने पाहिले की सिनियरने सांगितलेल्या ओळीत बदल झालेला आहे, आणि कोड मर्ज झाला.

मूळ दोष तिथेच होता. ज्या बिलावर अजून एकही पैसा आलेला नाही, त्याच्या `paid` मध्ये डेटाबेसमधून `None` येत असे. `float(None)` केले की `TypeError` येतो, `except` तो पकडतो, `pass` पुढे जातो, आणि ते अख्खे बिल बेरजेतून गळते. म्हणजे जी रक्कम सर्वांत जास्त थकलेली आहे, नेमकी तीच बेरजेत येत नाही. बारा हजारांचे पूर्ण भरलेले एक बिल, साडेआठ हजारांपैकी साडेतीन हजार भरलेले दुसरे, आणि वीस हजारांचे अजिबात न भरलेले तिसरे अशी तीन बिले दिली, तर उत्तर २५,००० यायला हवे. हे फंक्शन ५,००० देते. `except` ला `Exception` जोडल्याने एवढाच फरक पडतो की कीबोर्डवरून प्रोग्राम थांबवण्याची सूचना किंवा बाहेर पडण्याची सूचना आता गिळली जात नाही. `TypeError` पूर्वीप्रमाणेच गिळला जातो. महिनाअखेरीस एका व्यापाऱ्याने आपल्या वहीतल्या येण्याशी आकडा ताडून पाहिला, तेव्हा प्रकरण उघड झाले. त्यानंतरच्या बैठकीत सिनियरचे म्हणणे होते, "मी तर सांगितलंच होतं." त्याने सांगितलेले नव्हते, त्याने त्यावर एक विनोद केला होता. हा फरक बैठकीत कोणालाच नीट मांडता आला नाही, आणि चूक ज्युनियरच्या नावावर गेली.

तोच शेरा कसा लिहिता आला असता ते पाहू. "रोखणारा मुद्दा: `paid` मध्ये `None` आले की `TypeError` येतो, तो इथे गिळला जातो आणि ते बिल बेरजेतून गळते. १२०००/१२०००, ८५००/३५०० आणि २००००/`None` ही तीन बिले देऊन पाहा, २५००० ऐवजी ५००० मिळतील. `None` म्हणजे अजून काहीच भरलेले नाही, असेच धरायचे आहे ना? तसे असल्यास शून्य धरा, `try` काढून टाका आणि हीच तीन बिले टेस्टमध्ये घाला." यात गोडवा कुठेही नाही. "छान प्रयत्न" नाही, "जमल्यास पाहावे" नाही. उलट, हा शेरा टोमण्यापेक्षा कडक आहे, कारण त्यातून पळवाट काढता येत नाही: तीन बिलांची टेस्ट एकतर पास होते किंवा होत नाही. या शेऱ्यानंतर कोड असा झाला असता:

```python
def pending_amount(invoices):
    total = 0
    for inv in invoices:
        paid = 0 if inv["paid"] is None else inv["paid"]
        total += float(inv["amount"]) - float(paid)
    return total
```

आता `paid` हा रकानाच नसेल किंवा त्यात भलताच मजकूर असेल तर प्रोग्राम तिथेच थांबेल आणि ओरडेल, आणि हिशेबाच्या कामात तेच हवे असते. पैशांसाठी `float` वापरावे का, हा रास्त प्रश्न उरतोच. पैशांसाठी `Decimal` अधिक योग्य. पण तो दुसरा शेरा आहे, त्यावर "ऐच्छिक, वेगळ्या बदलात चालेल" असे लिहावे, म्हणजे ज्युनियरला आज नेमके काय करायचे आहे ते कळते. टोमण्यात ही प्रतवारी करता येत नाही. "देवावर सोडलंय" हे वाक्य आज मर्ज अडवणारे आहे की नुसती नापसंती आहे, हे वाचणाऱ्याने ओळखायचे असते, आणि नवा माणूस ते चुकीचे ओळखतो.

इथे अनेकजण २०१२ मधला टॉरवल्ड्सचा तो ईमेल पुढे करतात. तुमचे सिनियरही करतील, म्हणून त्याबद्दल थोडे बोलतो. त्या डिसेंबरमध्ये कर्नलमधल्या एका बदलामुळे एरर कोड बदलला आणि आवाज हाताळणारे काही प्रोग्राम बिघडले. संबंधित मेंटेनरने दोष त्या प्रोग्रामांचा असावा असे सुचवले, आणि टॉरवल्ड्सने त्याला सर्वांसमोर शिवी देऊन गप्प बसायला सांगितले. त्या पत्राचा दाखला "कडक बोलल्यानेच लिनक्स टिकला" असे म्हणण्यासाठी दिला जातो. पत्र नीट वाचले तर दिसते की त्यात कर्नलचा एक स्पष्ट नियम ठळक अक्षरांत सांगितलेला आहे, की कर्नलमधल्या बदलामुळे वापरकर्त्याचा चालू प्रोग्राम बिघडला तर दोष कर्नलचा असतो, प्रोग्रामचा नव्हे. कोणता एरर कोड तिथे का चालणार नाही, हेही त्यात आहे. शिव्यांच्या ओळी त्यातून काढून टाका. नियम, कारण आणि निर्णय हे तिन्ही जागच्या जागी राहतात. लिनक्सच्या गुणवत्तेला उपयोग झाला तो या उरलेल्या भागाचा. आपल्याकडचे अनुकरण करणारे बहुधा उलटा भाग उचलतात, त्यांच्याकडे नियम नसतो आणि आवाज तेवढा असतो.

आता विनोदाबद्दल, कारण तुमच्या टीममध्ये "सगळे हसतात" हेही खरे आहे आणि मला ते बंद व्हावे असे वाटत नाही. आपल्या व्यवसायात वाईट कोडची थट्टा व्यवसायाइतकीच जुनी आहे. गुंतलेल्या कोडला इंग्रजीत स्पॅगेटी म्हणतात, आपण खिचडी म्हणतो. ब्रायन फूट आणि जोसेफ योडर यांनी १९९७ मध्ये कोणतीच रचना न उरलेल्या सिस्टिमला "चिखलाचा मोठा गोळा" असे नाव देऊन त्यावर गंभीर निबंध लिहिला, आणि अशा सिस्टिम का तयार होतात व का टिकतात याची त्यात दिलेली कारणे आजही लागू पडतात. सबव्हर्जनमध्ये कोणती ओळ कोणी लिहिली हे दाखवणाऱ्या `svn blame` या कमांडचे दुसरे नाव `svn praise` असे ठेवलेले आहे. दोष द्यायचा की कौतुक करायचे ते आपण ठरवावे, उत्तर एकच येते. `sudo` च्या सेटिंगमध्ये `Defaults insults` अशी ओळ घातली की पासवर्ड चुकल्यावर यंत्र आपल्याला टोमणा मारते, आणि लोक ती ओळ स्वतःहून घालतात. या सर्व विनोदांचा रोख एकतर कोडच्या अवस्थेवर आहे किंवा ज्याने तो मागून घेतला त्याच्यावरच आहे. "हा प्रकार कोणत्या महाभागाने लिहिला" असे ओरडून `git blame` चालवावे आणि आपलेच नाव दिसावे, हा किस्सा प्रत्येक ऑफिसात सांगितला जातो आणि तो सांगणारा नेहमी सिनियर असतो, यातच त्याचे औचित्य आहे.

या साऱ्यात माझा आवडता विनोद इंटरकॅल या भाषेतला आहे. ही भाषा १९७२ मध्ये डॉन वुड्स आणि जेम्स लायन या दोन विद्यार्थ्यांनी थट्टेसाठी तयार केली. तिच्यात सूचनांपूर्वी "कृपया" या अर्थाचा `PLEASE` हा शब्द ठराविक प्रमाणात लिहावा लागतो. तो फार कमी वेळा आला तर प्रोग्रामर पुरेसा नम्र नाही म्हणून कंपायलर प्रोग्राम नाकारतो, आणि फार जास्त वेळा आला तर प्रोग्रामर नको तितका नम्र आहे म्हणून नाकारतो. थट्टा बाजूला ठेवली तरी रिव्ह्यूमध्ये ही दुसरी चूक मी पुष्कळदा पाहिली आहे. दुखावू नये म्हणून रिव्ह्यू करणारा लिहितो, "एकंदर सुंदर झाले आहे, वेळ मिळाल्यास `None` चा विचार करता येईल का ते पाहावे." हा शेरा आणि "देवावर सोडलंय" हा शेरा यांचा परिणाम एकच होतो, वरच्या उदाहरणातले वीस हजार दोन्ही वेळा गळतात. रिव्ह्यू मवाळ होतील ही तुमची भीती म्हणूनच अगदी खरी आहे, पण त्यावरचा उपाय टोमणे चालू ठेवणे हा नाही. "हे मर्ज होणार नाही, कारण अमुक इनपुटवर अमुक होते" हे वाक्य कठोर नाही, स्पष्ट आहे, आणि ते लिहिण्याची परवानगी टीममधल्या सर्वांत नव्या मुलीलाही, सिनियरच्या कोडवर, असली पाहिजे.

आपल्या ऑफिसांमध्ये एक गुंता आणखी असतो. बोलणे मराठीत, लिहिणे इंग्रजीत. चहाच्या टपरीवर "काय घाण करून ठेवलीयस रे" हे वाक्य मित्राला मित्राने म्हटलेले असते, त्यात आवाज असतो, चेहरा असतो, आणि पुढच्याच वाक्यात कटिंगचे पैसे कोणी द्यायचे ही चर्चा असते. तेच इंग्रजीत करून पुल रिक्वेस्टवर लिहिले की आवाज आणि चेहरा गळून जातात आणि इंग्रजी वाक्य मूळ मराठीपेक्षा कितीतरी कोरडे व उद्धट उमटते. उलट, मराठीतच रोमन लिपीत लिहिले तर चेन्नई किंवा नागालँडहून आलेल्या सहकाऱ्याला फक्त हसणारे चेहरे दिसतात आणि आपल्यावर हसले जात आहे की काय, हे कळायला मार्ग नसतो. शिवाय सेवा देणाऱ्या कंपन्यांमध्ये रिपॉझिटरी बहुधा ग्राहकाची असते. प्रकल्प हस्तांतरित होतो तेव्हा कॉमेंट्स आणि कमिटचे संदेश त्याच्यासोबत जातात. पुल रिक्वेस्टवरचा शेरा नंतर सुधारता येतो, पण त्याचा ईमेल तोवर सर्वांकडे पोचलेला असतो. म्हणून मी टीमला एवढेच सांगतो की थट्टा तोंडी करावी, आणि लेखी फक्त स्वतःच्या कोडवर करावी.

प्रत्यक्षात काय करायचे ते आता सांगतो. सर्वप्रथम, यंत्राने सांगण्यासारखे जे काही आहे ते यंत्राकडे द्या. मोकळी जागा, ओळीची लांबी, न वापरलेले `import` या गोष्टी फॉर्मॅटर आणि लिंटरने मर्जपूर्वीच पकडल्या पाहिजेत. किरकोळ गोष्टींवरचे वीस शेरे एकत्र आले की प्रत्येक शेरा सभ्य असूनही वाचणाऱ्याला झोडपल्यासारखे वाटते, आणि लिहिणाऱ्याचाही संयम बाराव्या शेऱ्याला सुटतो. माझ्या अनुभवात बहुतेक टोमणे या टप्प्यावर जन्माला येतात. यंत्राने तेच वीस वेळा सांगितले तर कोणाला काही वाटत नाही. वरच्या उदाहरणात लिंटरने ज्युनियरची दिशाभूल केली हे खरे, पण ती यासाठी झाली की माणसाने लिंटरइतकेच सांगितले होते.

दुसरे, प्रत्येक शेऱ्यापुढे तो कोणत्या जातकुळीचा आहे ते लिहायचा नियम करा. तीन प्रकार पुरेत: रोखणारा, ऐच्छिक आणि प्रश्न. गूगलच्या प्रकाशित रिव्ह्यू-मार्गदर्शिकेत किरकोळ शेऱ्याआधी `Nit:` लिहायची पद्धत दिलेली आहे, तिचा हेतू हाच आहे. रोखणारा शेरा लिहायचा असेल तर इनपुट आणि परिणाम द्यावाच लागेल, एवढे एक बंधन त्याला जोडा. याने होते असे की ज्याला नुसते "काय कचरा आहे" म्हणायचे असते त्याला आधी ठरवावे लागते की हा कचरा रोखणारा आहे का. असेल तर सिद्ध करावे लागते, नसेल तर "ऐच्छिक: कचरा" असे लिहावे लागते, आणि ते लिहिताना बहुतेकांचा हात आपोआप थांबतो. प्रश्न हा प्रकार मात्र जपून वापरावा लागतो, कारण टोमणा हल्ली प्रश्नाचाच वेष घेतो. उत्तर ऐकल्यावर आपले मत बदलू शकेल असा प्रश्न असेल तरच तो प्रश्न, "हे लिहिताना नेमका काय विचार होता?" हा त्यात बसत नाही.

तिसरे, एकाच मुद्द्यावर दोन फेऱ्या झाल्या आणि तरी एकमत नाही, तर लिहिणे थांबवून शेजारी बसावे किंवा कॉल करावा, आणि ठरलेला निर्णय दोन ओळींत पुल रिक्वेस्टवर नोंदवावा. ती नोंद विसरू नका, नाहीतर सहा महिन्यांनी तोच वाद नव्या माणसाशी होतो.

आणि टोमणा आलाच तर? तो थांबवण्याची जबाबदारी ज्याला लागला त्याच्यावर कधीही टाकू नका. "तुला वाईट वाटलं असेल तर तू बोल ना त्यांच्याशी" हे मॅनेजरचे वाक्य म्हणजे दुसरा टोमणाच असतो. त्याच दिवशी, बरोबरीच्या दुसऱ्या सिनियरने, खासगीत, नेमके वाक्य समोर ठेवून सांगावे: "संदीप, या शेऱ्यावरून त्याला काय बदलायचं ते कळणार नाही. इनपुट देऊन परत लिही." सभ्यतेवर प्रवचन नको, कारण मग चर्चा "हल्लीची मुलं फार हळवी" या दिशेने जाते आणि तिथून ती परत येत नाही. शेरा काढून टाकण्याऐवजी तो बदलायला लावा, म्हणजे त्यातला तांत्रिक मुद्दा हरवत नाही. तुमचे सिनियर बहुतेक वेळा मुद्द्यावर बरोबरच असतील. हेच तिसऱ्यांदा सांगावे लागले, तर ते रिव्ह्यूचे काम नीट होत नसल्याचे लक्षण मानून त्यांच्या कामाच्या मूल्यमापनात आले पाहिजे. कर्नलच्या समुदायानेही अखेर हा मार्ग घेतला: २०२४ मध्ये एका फाइलसिस्टिमच्या लेखकाला, त्याचे काम महत्त्वाचे असूनही, मेलिंग लिस्टवरच्या वागणुकीमुळे एका आवृत्तीपुरते बदल पाठवण्यापासून दूर ठेवण्यात आले.

जात, लिंग, गाव, कॉलेज किंवा इंग्रजीचा उच्चार यांवरचे शेरे या सगळ्या चर्चेच्या बाहेर आहेत. त्यांना रिव्ह्यूची शैली मानू नका आणि टीममध्ये मिटवायचा प्रयत्नही करू नका. ते थेट एचआरकडे जाते. लैंगिक स्वरूपाचा शेरा असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कंपनीत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि तक्रार तिच्याकडेच करायची असते.

सुधारणा होते आहे की नाही, हे अपशब्द मोजून कळणार नाही. तुमच्याकडे जे लक्षण दिसले आहे तेच सर्वांत विश्वासार्ह आहे: कोण कोणाकडे रिव्ह्यू पाठवते आणि कोणाकडे पाठवत नाही. त्याच्या जोडीला आणखी काही खुणा पाहा. शुक्रवारी संध्याकाळी, कडक सिनियर निघून गेल्यावर येणारे मोठे बदल. प्रत्येक शेऱ्याला फक्त "झाले" असे एका शब्दाचे उत्तर, एकही प्रतिवाद नाही. आणि ज्या मोड्यूलचा मालक तापट आहे त्याला हात लावायला नको म्हणून त्यातलेच फंक्शन कॉपी करून दुसरीकडे ठेवणे. ही शेवटची खूण मी सर्वांत गंभीर मानतो, कारण एकच हिशेब दोन ठिकाणी झाला की एक दिवस त्यांतला एकच दुरुस्त होतो.

त्या नव्या मुलीबाबत एवढे करा. तिचा पुढचा बदल लहान असू द्या, शंभरेक ओळींच्या आत, आणि तो त्या दोघांपैकी एकाकडेच जाऊ द्या. दुसरीकडे वळवलात तर टाळाटाळीवर तुमचा शिक्का बसेल. मात्र रिव्ह्यू सुरू होण्यापूर्वी त्या सिनियरला तीन प्रकारांचा नियम माहीत असला पाहिजे, आणि पहिला रोखणारा शेरा प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याने तो तुम्हाला दाखवावा अशी विनंती करा. तो नाही म्हणाला, तर मर्ज मंजूर करण्याचा अधिकार काही काळ दुसऱ्या कोणाकडे ठेवायचा की नाही, हे तुम्हाला त्याच आठवड्यात ठरवावे लागेल. त्याच आठवड्यात त्याच्या एका बदलाचा रिव्ह्यू तिच्याकडे द्या.